उताऱ्यातला युक्तिवाद: दावा सापडला, पुरावाही सापडला, पण कच्चा दुवा कुठला?

मुक्ता_विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीत एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवा पूर्वची तयारी करते. पेपर दोनमध्ये 80 प्रश्न, दोन तास, आणि त्यातला मोठा वाटा उताऱ्यांचा. उतारा समजतो. पण "खालीलपैकी कोणते विधान हा युक्तिवाद सर्वात जास्त कमकुवत करते?" असं विचारलं की माझं हमखास चुकतं. परवाच्या सराव चाचणीतला उतारा देते. आकडे फक्त सरावासाठी बनवलेले आहेत असं चाचणीवरच लिहिलं होतं, त्यामुळे ते खरे आहेत का यात जाऊ नका.

"एका गावातील 60 शेतकऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी उसाला ठिबक बसवले. त्यांचे एकरी सरासरी उत्पादन आधी 42 टन होते, ते 61 टनांवर गेले. याच काळात गावातील ठिबक न बसवलेल्या शेतकऱ्यांचे उत्पादन 43 टनांच्या आसपासच राहिले. त्यामुळे ठिबक सिंचनानेच उत्पादन वाढते हे स्पष्ट आहे. शासनाने तालुक्यातील सर्व ऊस सक्तीने ठिबकखाली आणल्यास तालुक्याचे उत्पादन जवळजवळ दीडपट होईल."

पर्याय असे:
1) ठिबक संच बसवण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला परवडत नाही.
2) ठिबक बसवलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच हंगामापासून सुरूऐवजी आडसाली लागण केली.
3) शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने ठिबक नसताना एकरी 80 टन ऊस काढला.
4) ठिबकमुळे पाण्याची बचत होते.

मी 3 लिहिलं. उत्तरतालिकेत 2 आहे. स्पष्टीकरण एका ओळीचं: "पर्याय 2 पर्यायी कारण देतो." माझं 3 का चुकलं ते कुणी नीट सांगेल का?

मिरजेचा_राजू

सोपं आहे. दावा नेहमी "त्यामुळे", "म्हणून" या शब्दांनंतर येतो. इथे दावा "ठिबकनेच उत्पादन वाढते". पुरावा 42 चे 61. आणि कच्चा दुवा म्हणजे तुलनाच नाही! त्या वर्षी पाऊसपाणी चांगलं झालं असेल, सगळ्यांचाच ऊस वाढला असेल. ठिबक नसलेल्यांचं काय झालं ते बघायला नको का?

कराडची_वैशाली

राजू, तिसरं वाक्य पुन्हा वाच. ठिबक नसलेल्यांचे 43 टन त्यात दिलेत. पाऊसपाणी चांगलं झालं असतं तर त्यांचंही वाढलं असतं. म्हणजे तू म्हणतोस ती पळवाट उताऱ्यानेच बंद केली आहे.

मुक्ता, मीही आधी 3 च लिहिलं असतं. 80 टन हा आकडा डोळ्यांत भरतोच.

मिरजेचा_राजू

बरोबर, ते वाक्य सुटलं माझ्याकडून. पण "त्यामुळे"चं मी सांगितलेलं चालतं, मला त्याचा उपयोग झाला आहे.

जतचा_संतोष

ताई, ठिबकचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडं डाळिंबाला संच बसवायचा आहे दोन एकरांत. अनुदान आधी मिळतं की बसवल्यावर? एका दुकानदाराने आधी बसवा म्हणून सांगितलं.

आडसाली

संतोष, आधी बसवू नको. महाडीबीटीवर अर्ज कर, पूर्वसंमती हातात आली की मग संच घे, आणि बिल जपून ठेव. आधी बसवलेल्याला अनुदान मिळत नाही, लोक फसतात इथं. बाकीचं तुमच्या कृषी सहायकाला विचार.

आता मुक्ताताईंच्या उताऱ्याचं. मी वाळव्याकडचा, घरचा ऊस आहे. पर्याय 2 वाचला आणि पुढं वाचायची गरजच राहिली नाही. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो, बारा महिन्यांत तुटतो. आडसाली जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. दोन पावसाळे खातो तो. त्याचं एकरी वजन जास्त येणारच, पाणी पाटानं द्या नाहीतर ठिबकनं.

आता हिशोब करून बघा. 42 टन सुरूचे, भागिले बारा महिने, म्हणजे महिन्याला साडेतीन टन. 61 टन आडसालीचे, सतरा महिने धरले तर महिन्याला तीन टन सहाशे किलोच्या आतच. दीडपटीची वाढ कुठं गेली? रान किती महिने अडकून पडलं ते सांगितलंच नाही आणि एकराचा आकडा तेवढा पुढं केला. ऊस दर महिन्याला सारखा वाढत नाही, त्यामुळं हा भागाकार ढोबळ आहे हे मान्य. पण वाढ ठिबकची का महिन्यांची, हा प्रश्न त्यातनं उभा राहतोच.

मुक्ता_विश्रामबाग

हे फार छान उलगडलं. सांगलीत वाढूनही मला आडसाली म्हणजे काय ते नेमकं माहीत नव्हतं, एखादी जात असेल असं वाटायचं. पण मग 3 मध्ये चूक काय? ठिबक नसताना 80 टन निघाले, म्हणजे "ठिबकनेच वाढते" हे खोटं ठरलं ना?

नागपूरचा_अभ्यासक

माझी वेगळी तक्रार आहे. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, संत्री. आडसाली हा शब्द मी पहिल्यांदा वाचतोय. उताऱ्याच्या प्रश्नात बाहेरचं ज्ञान वापरायचं नाही म्हणतात, आणि इथे ते असल्याशिवाय पर्याय 2 चा अर्थच लागत नाही. हा प्रश्न सदोष आहे.

वाईकर

मी साताऱ्यात बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. इथं दोन-तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या सावकाश सोडवू.

आधी दावा. राजू म्हणतात तसं "त्यामुळे" हा शब्द वाट दाखवतो, पण मुक्कामापर्यंत नेत नाही. या उताऱ्यात निष्कर्ष दोन आहेत आणि एक दुसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे. खात्री करायला दोन वाक्यांच्या मधे "कारण" घालून मोठ्यानं वाचा. "सक्ती केल्यास तालुक्याचं उत्पादन दीडपट होईल, कारण ठिबकने उत्पादन वाढतं." जुळतं. आता उलटं वाचा. "ठिबकने उत्पादन वाढतं, कारण सक्ती केल्यास दीडपट होईल." जुळत नाही. म्हणजे शेवटचं वाक्य हा मुख्य दावा, आणि "त्यामुळे"चं वाक्य ही मधली पायरी. त्या पायरीखाली 42, 61 आणि 43 हे तीन आकडे.

म्हणून दुवेही दोन झाले. पहिला दुवा आकड्यांपासून "ठिबकमुळे" इथपर्यंतचा. दुसरा "या साठजणांचं वाढलं" इथपासून "सगळ्या तालुक्याचं वाढेल" इथपर्यंतचा. विद्यार्थी कच्चा दुवा शोधताना वाक्यांत शोधतात. तो वाक्यात लिहिलेला नसतो. दोन वाक्यांच्या मधे लेखकानं न बोलता जे गृहीत धरलेलं असतं, तिथं तो असतो. पहिल्या दुव्यातलं गृहीत असं: ठिबक बसवणारे आणि न बसवणारे यांच्यात ठिबक सोडून दुसरा कुठलाच महत्त्वाचा फरक नव्हता. पर्याय 2 नेमका त्यावर घाव घालतो.

मुक्ता, तुझ्या 3 कडे येऊ. शेजारच्या गावचा तो एक शेतकरी 80 टन काढतो. त्याचं आधी किती निघत होतं? रान कसलं, लागण कुठली? काहीच कळत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठिबकशिवाय कुणालाच जास्त ऊस निघत नाही असा या साठजणांबद्दलचा दावाच नाही. या साठजणांचं जे वाढलं ते ठिबकमुळे वाढलं, एवढंच लेखक म्हणतो. मामाला औषधाशिवाय ताप उतरला म्हणून माझा ताप औषधानं उतरला नाही, असं होत नाही.

शाळामास्तर_तासगाव

वाईकर सर, इथे मी आदरपूर्वक थांबवतो. मी मराठी शिकवतो. उताऱ्यात "ठिबक सिंचनानेच" आहे. हा "च" सोडून चालणार नाही. "दारूनेच घर बुडालं" म्हणतो तेव्हा हे घर दुसऱ्या कशानं नाही, दारूनं बुडालं असा अर्थ होतो. पण "अभ्यासानेच यश मिळतं" म्हणतो तेव्हा अभ्यास सोडून दुसऱ्या वाटेनं ते मिळतच नाही असा सर्वसाधारण नियम सांगतो. उताऱ्यातलं क्रियापद "वाढते" आहे, "वाढले" नाही. म्हणजे तो नियमच आहे. आणि "फक्त ठिबकनेच वाढते" असा नियम घेतला, तर ठिबकशिवाय 80 टन काढणारा एक शेतकरीसुद्धा तो मोडायला पुरेसा आहे. मुलीने उतारा नीट वाचूनच 3 निवडलं असं माझं मत.

कराडची_वैशाली

हे "वाढते" आणि "वाढले" मी पाहिलंच नव्हतं!

वाईकर

मास्तरांचा आक्षेप मानतो. मी "च"चा एकच अर्थ धरून चाललो होतो. नियम म्हणून वाचलं तर 3 त्या मधल्या वाक्याला लागतो.

तरीही दोन गोष्टी उरतात. एक, 80 टन निघाले म्हणजे "वाढले" असं नाही. त्याचे आधी 85 निघत असतील. दोन, तो "च" काढून टाका आणि मुख्य दावा बघा. "ठिबकनेसुद्धा उत्पादन वाढतं" एवढं जरी खरं असलं तरी "सक्ती केली तर दीडपट होईल" हे जागचं हलत नाही. म्हणजे 3 लेखकाच्या अतिशयोक्तीला लागतो, युक्तिवादाला लागत नाही. 2 खरा धरला तर मात्र 42 चे 61 हा पुरावाच ठिबकच्या हातातून निसटतो आणि वरचं सगळं खाली येतं. प्रश्नात "सर्वात जास्त" म्हटलं आहे, त्याचा उपयोग इथं होतो.

शाळामास्तर_तासगाव

85 चा मुद्दा पटला. पण प्रश्न काढणाऱ्याने "च" जपून वापरायला हवा होता, यावर मी ठाम आहे.

नागपूरचा_अभ्यासक

माझ्या तक्रारीचं काय? शिवाय पर्याय 2 फक्त ठिबकवाल्यांबद्दल बोलतो. ठिबक नसलेल्यांनीही आडसाली लावला असेल तर? मग दोन्ही गट सारखेच झाले आणि पुरावा पुन्हा भक्कम.

आडसाली

हा प्रश्न चांगला काढला दादा. पण उतारा बघा, ठिबक नसलेले 43 वरच राहिले म्हणतोय. त्यांनी पण आडसाली धरला असता तर त्यांचं थोडंफार वजन वाढलंच असतं. वाढलं नाही, म्हणजे ते सुरूवरच राहिले असणार. आणि तसं होणारच. आडसालीला भर उन्हाळ्यात, मार्च ते मे, पाणी पुरवावं लागतं. विहिरीला पाणी नाही तो आडसाली धरत नाही. ज्याच्याकडं पाणी, त्याच्याकडं पैसा, त्यानंच ठिबक केलं आणि त्यानंच आडसाली धरला.

वाईकर

आडसालीभाऊंनी शेवटच्या वाक्यात जे सांगितलं ते मी वर्गात दोन तास घेऊन सांगायचो. हे साठजण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत, ते आपणहून पुढं आलेत. जो आपणहून पुढं येतो तो आधीपासूनच वेगळा असतो.

नागपूरच्या मित्राला: शब्दाचा अर्थ माहीत नसणं हा अन्याय आहे, पर्यायात "जो शेतात चार-सहा महिने जास्त उभा राहतो" एवढं जोडायला हवं होतं. पण अर्थ न कळताही एक गोष्ट हाती लागते. 2 सांगतो की ठिबकबरोबर त्याच वेळी, त्याच लोकांनी आणखी काहीतरी बदललं. 1 खर्चाबद्दल आहे. "सक्ती करावी" असा दावा असता तर खर्च लागू झाला असता. इथं दावा "दीडपट होईल" असा भाकिताचा आहे, उत्पादन किती होईल त्याचा. 4 तर ठिबकच्या बाजूचाच, आणि तोही टनांबद्दल नाही.

नागपूरचा_अभ्यासक

तसं काढता येईल, पण परीक्षेत दीड मिनिटात नाही. ज्याला शब्द माहीत आहे त्याला पंधरा सेकंद लागतात. माझं मत बदललेलं नाही.

मिरजेचा_राजू

विषयांतर होईल, पण मला राहवत नाही. आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात हाच वाद होतो. अलमट्टी धरण 2005 च्या सुमारास पूर्ण झालं आणि त्याच वर्षी सांगली बुडाली. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. 2021 ला पुन्हा. दावा: अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगलीत पूर येतो. पुरावा: धरणानंतर पूर वाढले. आता सांगा वाईकर सर, इथे कच्चा दुवा आहे का? मी 2019 ला सहा दिवस वरच्या मजल्यावर काढलेत, त्यामुळे मला हे पुस्तकातलं वाटत नाही.

हरिपूर_घाट

राजूभाऊ, मी संगमावरचा, आमचं घरही गेलं होतं. तुम्ही मांडलाय तसा मांडला तर दुवा कच्चा आहेच. "यानंतर" झालं म्हणजे "यामुळे" झालं असं नाही. 2019 ला कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात झालेला पाऊस, दोन्ही धरणांचे विसर्ग, आणि आमच्या इथं वारणा कृष्णेला मिळते ते पाणी. वारणेला लोट आला की कृष्णेचं पाणी मागं दबतं, हे आम्ही घाटावरून बघतो. त्यात पूररेषेतली बांधकामं, ओढे बुजवलेले. शासनाच्या वडनेरे समितीनेही 2020 मध्ये अतिवृष्टी हे मुख्य कारण सांगितलं, अलमट्टी नाही.

मिरजेचा_राजू

म्हणजे अलमट्टीचा काही संबंधच नाही?

वाईकर

नाही राजू, इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. दुवा कच्चा आहे म्हणजे दावा खोटा आहे असं नाही. एवढंच की या पुराव्यावरून तो सिद्ध होत नाही. "धरणानंतर पूर आले" हा पुरावा अपुरा आहे. मग पुरता पुरावा कसा असेल? फुगवटा हे कारण असेल तर पाणी खालून वर चढत आलेलं दिसायला हवं. अलमट्टी, मग हिप्परगी, मग शिरोळजवळचा राजापूर बंधारा, मग आयर्विन, या प्रत्येक ठिकाणची पातळी तासातासाची मांडायची आणि खालची पातळी बदलली की वरची किती वेळानं, किती बदलते ते बघायचं. त्या मांडणीवर वाद घालता येतो. समितीच्या निष्कर्षावरही तसाच घालावा: त्यांनी कोणते आकडे घेतले, कोणत्या दिवसांचे, मधे काय गृहीत धरलं. समितीनं सांगितलं म्हणून तिथं दुवा शोधायचा नाही, असं नसतं.

हरिपूर_घाट

हे मान्य. मीसुद्धा समितीचं नाव घेतलं, आकडे कुठं दिले?

मिरजेचा_राजू

राजापूर बंधाऱ्याच्या आणि आयर्विनच्या रोजच्या पातळ्या वर्तमानपत्रात येतात, माझ्याकडे 2019 ची काही कात्रणं आहेत. मांडून बघतो. माझं मत अजून तेच आहे, पण आता काय शोधायचं ते कळलं.

कराडची_वैशाली

मुक्ता, मूळ उताऱ्यातला दुसरा दुवा कुणी हातात घेतला नाही. समजा आडसालीचं काही नव्हतंच, साठजणांचं खरंच ठिबकमुळे वाढलं. तरी "सगळ्या तालुक्याचं दीडपट" कसं? माझ्या माहेरची नदीकाठची रानं चोपण झाली आहेत. पाणी देऊन देऊन खालून क्षार वर आले, उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. तिथे नुसतं ठिबक घालून 61 टन येतील का? आधी निचऱ्याचं काम करावं लागतं. आणि ज्याला सक्ती म्हणून ठिबक दिलं तो ते कसं वापरेल? गाळणी धुणार नाही, उंदरांनी नळी कुरतडली तर बदलणार नाही. साठजणांनी हौसेनं केलं होतं.

आडसाली

ताई, अगदी बरोबर. आमच्या भावकीत एकाचा संच तीन वर्षं गोठ्यावर गुंडाळून पडला आहे. क्षारानं छिद्रं बुजली, आम्लानं धुवायची असतात ते कुणी सांगितलंच नाही त्याला.

जतचा_संतोष

आडसालीदादा, पूर्वसंमतीसाठी अर्ज केला. धन्यवाद.

मुक्ता_विश्रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी मी उतारा घेऊन वाळवा तालुक्यात मामांकडे गेले होते. मामांनी पाच वर्षांपूर्वी ठिबक केलं. त्यांना पर्याय न दाखवता फक्त उतारा वाचून दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लागण कुठली होती, आणि तोडलेला ऊस लागणीचा होता का खोडवा?" खोडव्याचं तर मी ऐकलंच नव्हतं. एकदा तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटतो तो, आणि त्याचं वजन लागणीपेक्षा सहसा कमी भरतं. म्हणजे "आधीचे 42" खोडव्याचे आणि "नंतरचे 61" लागणीचे असू शकतात. पर्यायांत नसलेला आणखी एक फरक त्यांनी उभ्या उभ्या काढून दिला.

मग मी त्यांनाच विचारलं, तुमचं ठिबकने वाढलं का? ते म्हणाले, "वाढलं की. आडसालीचे आधी पंचावन्न निघायचे, आता साठ-बासष्ट निघतात." मी म्हटलं, आडसालीशी आडसालीच धरलीत, म्हणजे तुलना बरोबर आहे. तर मामी चुलीजवळून म्हणाल्या, "अगं, त्याच साली कांडी सोडून रोपं आणली की आपण, आणि सरी पण रुंद केली." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या लागणीला दोन एकर कांडीनं लावतो, दोन एकर रोपांनी. दोन्ही ठिबकवरच. बघू काय निघतंय."

वाईकर

मुक्ता, मामांना सांग की सरी दोन्हीकडे सारखीच ठेवा, आणि दोन्ही तुकडे एकाच रानातले, एकाच दिवशी लावलेले असू देत. आणि एक शंका: दोन्ही ठिबकवर म्हणजे रोपांचा फरक कळेल, ठिबकचा कळणार नाही. त्यासाठी थोडं रान पाटपाण्यावर ठेवायला लागेल.

आडसाली

सर, नळी एकदा अंथरल्यावर कोण परत पाट काढतंय! पण अर्धा एकर ठेवता येईल. ताई, मामांचा ऊस तुटला की वजन इथं लिहा.